दोन सारखे सिलिंडर काटकोनात आरपार गेले तर मधल्या सामाईक भागाचं घनफळ: चौरस कुठनं आला?

सात_रस्ता_बीएस्सी
नमस्कार मंडळी. बीएस्सी सेकंड इयरला आहे, सोलापुरातच. आमच्या नोट्समध्ये एक गणित आहे, r त्रिज्येचे दोन सिलिंडर, दोघांचे अक्ष काटकोनात एकमेकांना छेदतात, तर दोघांत सामाईक असलेल्या भागाचं घनफळ काढा. उत्तर दिलंय 16r³/3. मधे एकच ओळ, "छेद चौरस येतो म्हणून", आणि डायरेक्ट इंटिग्रेशन. आता दोन गोल पाइपांमधनं चौरस कसा काय बाहेर पडायलाय ते मला दिसेनाच झालंय. मी एका पाइपाला आडवं कापत गेलो, म्हणजे आपण काकडीच्या चकत्या करतो तसं, तर मला वर्तुळ मिळालं आणि ते पण वरनं खालनं छाटलेलं, त्याचं क्षेत्रफळ काढताना arcsin आला आणि तिथंच बसलो. आणि दुसरं म्हणजे दोन्ही वस्तू गोल, तर उत्तरात π म्हणजे पाय कुठं गेला? क्लासच्या सरांना विचारलो तर म्हणले फॉर्म्युला पाठ कर.

गड्ड्यातला_पाळणा
काय बे एवढं सोपं. समोरनं बघितलं तर गोल दिसतंय, बाजूनं बघितलं तरी गोलच दिसतंय, दोन्हीकडनं गोल म्हणजे चेंडूच झाला की. 4πr³/3 लिही आणि मोकळा हो. नोट्समध्ये छापायची चूक असणार.

अनघा_काकू
पाळणा, दोन बाजूंनी गोल दिसतंय हे तुमचं अगदी बरोबर आहे, पण तिसऱ्या बाजूनं, म्हणजे वरून, बघायचं राहिलं. वरून तो ठोकळा चौकोनी दिसतो. चेंडू नाही हे एका बिंदूवरनं कळतं. एक सिलिंडर म्हणजे x² + z² ≤ r², दुसरा म्हणजे y² + z² ≤ r². आता x, y, z तिन्ही 0.7r घ्या. 0.49 अधिक 0.49 म्हणजे 0.98, दोन्ही सिलिंडरच्या आत बसला. पण केंद्रापासून त्याच्या अंतराचा वर्ग 1.47r², म्हणजे चेंडूच्या चांगलाच बाहेर. चेंडू या आकाराच्या आत पूर्ण बसतो, आणि वर चार अंगांना माल शिल्लक राहतो. त्यामुळे उत्तर चेंडूपेक्षा मोठं आणि 2r बाजूच्या घनापेक्षा, म्हणजे 8r³ पेक्षा, लहान यायलाच पाहिजे. 4.19r³ आणि 8r³ च्या मधे. नोट्समधलं 16/3 म्हणजे 5.33, बसतंय. कुठलंही उत्तर आलं की आधी ह्या दोन आकड्यांच्या मधे आहे का ते बघायची सवय लावून घ्या, निम्म्या चुका तिथंच सापडतात.

सात_रस्ता_बीएस्सी
हां हे पटलं काकू. पण चौरस?

अनघा_काकू
सगळी गंमत कुठल्या दिशेनं कापायचं त्यात आहे. तू एका पाइपाच्या अक्षाला काटकोनात कापलास. त्याऐवजी असं कर. दोन्ही पाइप जमिनीवर आडवे आहेत असं समज, एक पूर्व-पश्चिम, एक दक्षिण-उत्तर, दोघांची मध्यरेषा एकाच उंचीवर. आता सुरी जमिनीला समांतर धर, म्हणजे सुरीचं पातं दोन्ही अक्षांना समांतर. मध्यरेषेपासून z उंचीवर काप.

फक्त पूर्व-पश्चिम पाइपाचा विचार कर. आडवा झोपलेला पाइप असा लांबीच्या दिशेनं कापला की काय मिळतं? वर्तुळ नाही, लांबच लांब पट्टी. तिची रुंदी किती? पाइपाच्या तोंडाशी जाऊन बघ, तिथं r त्रिज्येचं वर्तुळ आहे आणि z उंचीवर त्याची जीवा आहे, तिची लांबी 2√(r² − z²). तीच पट्टीची रुंदी.

दुसऱ्या पाइपाला पण हीच सुरी ह्याच उंचीवर लागली. त्याची त्रिज्या तीच, उंची तीच, म्हणून पट्टीची रुंदी पण तंतोतंत तीच, फक्त दिशा दक्षिण-उत्तर. आता सामाईक भाग म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर असलेली जागा. दोन सारख्या रुंदीच्या पट्ट्या काटकोनात एकमेकींवर टाकल्या की मधे चौरसच येणार, दुसरं काय येणार?

बाजू 2√(r² − z²), क्षेत्रफळ 4(r² − z²). वर्गमूळ गेलंसुद्धा. आता z ला −r पासून r पर्यंत फिरवायचं:

V = ∫ 4(r² − z²) dz = 4(2r³ − 2r³/3) = 16r³/3

मधोमध, z शून्य असताना, चौरस 2r बाजूचा. वर जावं तसा लहान होत होत z = r ला नुसता बिंदू. खाली पण तसंच.

कडक_भाकरी
मी पण पूर्वी हेच गणित केलंय आणि माझं उत्तर 4r³/3 यायचं. बाजू √(r² − z²) च घेतली होती ना मी, कारण पायथागोरसनं तेवढंच येतं. चौरस बरोबर, इंटिग्रेशन बरोबर, तरी उत्तर चौथाई. काकू म्हणतायत तसं चेंडूशी ताडून बघितलं असतं तर कळलं असतं, 1.33 हे 4.19 पेक्षा कमी कसं असेल. तरी मला अजून वाटतं की पहिल्या अष्टमांशात काढून आठनं गुणायची पद्धत जास्त सेफ आहे, तिथं √(r² − z²) हीच बाजू चालते, z शून्यापासून r पर्यंत, उत्तर 2r³/3, गुणिले आठ.

अनघा_काकू
ती पद्धत पण बरोबर. फक्त आठनं गुणताना z परत −r पासून घेतला की उत्तर दुप्पट होतं, हे पेपरात फार बघितलंय.

मिस्त्री_अक्कलकोटरोड
राम राम. माझं फॅब्रिकेशनचं काम हाय एमआयडीसीत, टॉवेल कारखान्यांच्या डायहाऊसची पाइपलाइन करून देतो. धागा वाचला, समदं कळलं न्हाई पण माझा प्रश्न ह्याच्यातलाच वाटायलाय. एक क्रॉस बनवायचाय, दोन्ही पाइप आतनं २० सेंटीमीटर, दोन्ही एक एक मीटर लांब, बरोबर मधोमध काटकोनात. गिऱ्हाईक विचारतंय ह्याच्यात पाणी किती लिटर मावतंय, कारण त्याला डायच्या मापात ते धरायचंय. सामाईक भाग घनफळ म्हणजे हेच का? म्हणजे ५.३३ लिटर मावणार का? मला तर लई कमी वाटायलंय.

हिशोबनीस
मिस्त्री, ५.३३ लिटर हा फक्त मधल्या गाभ्याचा आकडा, आख्ख्या क्रॉसचा नाही. तुमचा हिशोब साधा आहे. दोन्ही पाइपांचं पाणी काढा, बेरीज करा, आणि मधला भाग दोनदा मोजला गेलाय तो एकदा वजा करा. एका पाइपात 3.1416 × 10 × 10 × 100, म्हणजे ३१४१६ घन सेंमी, दोघांचे ६२८३२. मधे एक पाइप दुसऱ्यात २० सेंमी घुसलाय, तेवढा तुकडा वजा, 314.16 × 20 = ६२८३. राहिले ५६५४९, म्हणजे साडेछप्पन लिटर. इतक्यासाठी इंटिग्रेशन कशाला लागतंय.

अनघा_काकू
हिशोबनीस, दोघांची बेरीज करून सामाईक एकदा वजा, हे अगदी योग्य. पण वजा केलेला तुकडा जरा मोठा झालाय. तुम्ही २० सेंमी लांबीचा आख्खा सपाट तोंडाचा सिलिंडर वजा केलात. पण पहिल्या पाइपाच्या वरच्या भागात दुसरा पाइप २० सेंमी रुंद नाहीये, तो तिथं निमुळता झालाय. मधल्या उंचीवर २० सेंमी, ८ सेंमी वर गेलं की 2√(100 − 64) म्हणजे १२ सेंमीच. त्यामुळे तुमच्या तुकड्याची वरची कोपऱ्याची जागा दुसऱ्या पाइपात नाहीच. खरा सामाईक भाग 16 × 1000 / 3 = ५३३३ घन सेंमी. ६२८३२ वजा ५३३३ = ५७४९९. साडेसत्तावन्न लिटर. तुमच्या आणि ह्या उत्तरात जवळपास एक लिटरचा फरक आहे.

हिशोबनीस
एक लिटरनं टॉवेलचा रंग बदलत नाही मॅडम.

मिस्त्री_अक्कलकोटरोड
गिऱ्हाईकाला सांगा की तसं 😄
बरं एक सांगतो, तुमच्या चौरसावरनं आठवलं. सारख्या डायाचा टी किंवा क्रॉस केला की जोडाची रेघ वरनं बघितली तर सरळ दिसतीया, कोपऱ्यातनं कोपऱ्यात, ४५ मध्ये. बाजूनं बघितली की गोलाईत जाती. पण ब्रांच बारीक असली की वरनं पण वाकडी दिसती. सरळ दिसली म्हणजे माप बरोबर, आम्ही त्याच्यावरनंच वळखतो दोन्ही पाइप एका लाईनीत बसलेत का न्हाई. हे का हुतंय ते मातुर कधी कळलं न्हाई.

अनघा_काकू
मिस्त्री, तुम्ही ह्या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितलीत. जोडाची रेघ म्हणजे दोन्ही पाइपांच्या पृष्ठभागावर एकाच वेळी असलेले बिंदू. तिथं x² + z² = r² आणि y² + z² = r² दोन्ही खरे. एकातनं दुसरं वजा केलं की x² = y², म्हणजे x = y किंवा x = −y. वरनं बघताना ह्या दोन कर्णरेषाच आहेत, म्हणून सरळ दिसतात. प्रत्यक्षात त्या रेघा दोन उभ्या पातळ्यांत बसलेल्या लंबवर्तुळं आहेत.

आणि सात रस्ता, हे तुझ्यासाठी पण. आपल्या प्रत्येक चौरसाचे चार कोपरे ह्याच रेघांवर असतात. चौरस लहान होत वर जातो तसे कोपरे वेल्डिंगच्या रेघेवरनं चढत जातात. मिस्त्रींच्या क्रॉसवर वरून उभं राहून बघ, चौरस डोळ्यांसमोर येतील.

सात_रस्ता_बीएस्सी
आईशप्पथ, आता दिसलं. पण पाय? मिस्त्रींच्या लिटरात पाय आहे, मधल्या ५३३३ मध्ये नाही. दोन गोल वस्तूंचा सामाईक भाग आणि पाय गायब, हे मनाला पटेना.

अनघा_काकू
पाय गोल भिंतीमुळे येत नाही, छेदांची बेरीज करताना काय बेरीज करतोय त्यावरून येतो. आत बसलेल्या चेंडूला त्याच सुरीनं त्याच उंचीवर काप. चेंडूचा छेद √(r² − z²) त्रिज्येचं वर्तुळ, आपला छेद 2√(r² − z²) बाजूचा चौरस. म्हणजे ते वर्तुळ बरोबर त्या चौरसात चारी बाजूंना टेकून बसलेलं. प्रत्येक उंचीवर हीच जोडी. वर्तुळाला π(r² − z²), चौरसाला 4(r² − z²), म्हणजे प्रत्येक पातळीवर चौरस हा वर्तुळाच्या 4/π पट. मग आख्खा ठोकळा पण चेंडूच्या 4/π पट. (4/π) × (4πr³/3), पायाला पाय कटला, 16r³/3. चेंडूच्या उत्तरातला पाय हा त्याच्या छेदांच्या वर्तुळांचा होता, चौरसांना तो लागतच नाही.

हे फार जुनं आहे. तिसऱ्या शतकात चीनमध्ये ल्यू हुई नावाच्या गणितीनं ही चेंडूची आणि ह्या ठोकळ्याची 4/π ची जोडी ओळखली होती. त्याच्याआधी तिथं हेच गुणोत्तर चेंडू आणि त्याला वेढणाऱ्या एका सिलिंडरमधलं आहे असं धरून चेंडूचं घनफळ काढायचे, त्यानं दाखवलं की ते चुकतंय, सिलिंडर एक नाही, दोन आरपार घ्यायला हवेत. पण त्या ठोकळ्याचं घनफळ त्याला काढता आलं नाही, आणि तसं लिहून त्यानं पुढच्यांवर सोडून दिलं. दोनेकशे वर्षांनी त्सू छोंगची आणि त्याचा मुलगा त्सू गंग ह्यांनी ते सोडवलं. त्याच्याही कितीतरी आधी आर्किमिडीजनं एराटोस्थिनीसला लिहिलेल्या पत्रात हा भाग घनाच्या दोन तृतीयांश असतो असं सांगून ठेवलंय, पण ते हस्तलिखित प्रार्थनांच्या पोथीखाली पुसट झालेलं होतं, १९०६ मध्ये हायबर्ग नावाच्या अभ्यासकानं ते वाचलं.

कडक_भाकरी
दोन तृतीयांश? 8r³ चे दोन तृतीयांश 16r³/3, अरे हो की. मग इंटिग्रेशन नसताना त्या चिन्यानं कसं काढलं?

अनघा_काकू
उरलेला भाग मोजून. आपल्या ठोकळ्याभोवती 2r बाजूचा घन ठेवा. z उंचीवर घनाचा छेद 4r², ठोकळ्याचा 4r² − 4z². उरलं किती? 4z². म्हणजे बाहेर जे उरतं त्याचा छेद मधल्या पातळीवर शून्य आणि वर जावं तसा 2z बाजूच्या चौरसाएवढा वाढणारा. असा छेद कुठल्या आकाराचा असतो? उलट्या पिरॅमिडचा, टोक मधे केंद्रात आणि पाया घनाच्या वरच्या पृष्ठावर. खाली तसाच दुसरा. दोन पिरॅमिड, प्रत्येकाचा पाया 4r², उंची r, घनफळ 4r³/3. दोघांचे मिळून 8r³/3. घनातनं वजा केले, 16r³/3 राहिलं.

उरलेला भाग दिसायला पिरॅमिड नाही हं, तो ठोकळ्याच्या चारी बाजूंनी चौकटीसारखा पसरलेला आहे, एक चौकट वर आणि एक खाली. पण प्रत्येक उंचीवर क्षेत्रफळ सारखं, म्हणून घनफळ सारखं. त्सू गंगनी आठवा भाग घेऊन हाच युक्तिवाद केला.

गड्ड्यातला_पाळणा
थांबा थांबा, आकार वेगळा पण प्रत्येक उंचीवर एरिया सारखा म्हणून घनफळ सारखं, हे असंच मानून घ्यायचं का? मला तर ही चलाखी वाटायलीय.

हिशोबनीस
पत्त्यांचा कॅट सरळ ठेवला काय आणि तिरका सरकवला काय, पत्ते तेवढेच.

गड्ड्यातला_पाळणा
पत्त्यांना जाडी असती. तुमच्या छेदाला जाडी कुठाय?

अनघा_काकू
शंका रास्त आहे. जाडी देऊन बघू. मिस्त्रींचंच माप, r = 10 सेंमी. एक सेंमी जाडीच्या थर्माकोलच्या शीट घ्या, वरच्या अर्ध्यासाठी दहा. प्रत्येक शीटच्या मधल्या उंचीवरचा चौरस कापायचा, म्हणजे z = 0.5, 1.5, असं करत 9.5 पर्यंत. पहिल्या शीटची बाजू 2√99.75, जवळपास १९.९७ सेंमी. मधली 4.5 वाली १७.८६. शेवटची 9.5 वाली फक्त ६.२४. आधी हळूहळू लहान होतात आणि टोकाला एकदम आत येतात, म्हणून कड घुमटासारखी फुगीर दिसते.

घनफळ म्हणजे 4(100 − z²) ची बेरीज. z² ची बेरीज येते 332.5, म्हणून 4 × (1000 − 332.5) = २६७०, खालचा अर्धा धरून ५३४०. खरं उत्तर ५३३३ आणि एक तृतीयांश. दहा दहा जाड शीटमध्ये सात घन सेंमीचा फरक. दोन सेंमीच्या पाच पाच शीट घेतल्या असत्या तर ५३६० आलं असतं. जाडी निम्मी केली की चूक चौथाई झाली, २६.७ वरून ६.७. जाडी जशी कमी करू तशी चूक पार विरते, चलाखी आहे ती एवढीच.

गड्ड्यातला_पाळणा
हम्म. मानतो, पण अर्धंच. घुमट म्हणलात तर मग विजापूरचा गोलघुमट असाच का?

अनघा_काकू
नाही, तो अर्ध्या चेंडूसारखा, आडवा छेद गोल. आपल्या ठोकळ्याचा वरचा अर्धा म्हणजे चौरस पायावरचा, चार कडा असलेला घुमट.

सात_रस्ता_बीएस्सी
काकू, मग माझ्या काकडीच्या चकत्या वायाच गेल्या का? arcsin वाल्या?

अनघा_काकू
अजिबात नाही, नेटानं पुढं गेलास तर तेच उत्तर येतं, आणि तिथं पाय येऊन निघून जाताना दिसतो. तू x अंतरावर कापलास. दुसऱ्या पाइपाचा छेद r त्रिज्येची तबकडी, पहिला पाइप तिला वरनं खालनं h = √(r² − x²) उंचीवर छाटतो. छाटलेल्या तबकडीचं क्षेत्रफळ, x धन असताना:

A = 2x√(r² − x²) + 2r² arccos(x/r)

तपासून बघ. x = 0 ला πr², आख्खी तबकडी, छाटणी नाही. x = r ला शून्य. आता 0 पासून r पर्यंत इंटिग्रेट कर. पहिल्या तुकड्याचं 2r³/3. दुसऱ्यात arccos चं इंटिग्रेशन 0 ते r नुसतं r येतं, म्हणून 2r³. बेरीज 8r³/3, दोन्ही बाजू धरून 16r³/3. मधे πr² क्षेत्रफळाची तबकडी होती, तरी शेवटी पाय उरला नाही. उत्तर तेच, घाम जास्त.

सात_रस्ता_बीएस्सी
arccos चं r कसं आलं ते बाय पार्ट्सनं करून बघतो. भारी आहे हे.

मिस्त्री_अक्कलकोटरोड
म्याडम, माझ्याकडं लाईन ४५ अंशात फोडायचं काम पण येतंय. आणि कधी मेन २० चा आन ब्रांच १० ची. तिथं हाच १६ भागिले ३ चालतोय का?

कडक_भाकरी
काटकोन नाही तर चौरस नाही, मग सगळंच कोसळलं.

अनघा_काकू
सगळं नाही कोसळत. ४५ अंशात दोन्ही पाइप सारखे असतील तर पट्ट्या अजून सारख्याच रुंदीच्या, फक्त तिरक्या टाकलेल्या. मधे समभुज चौकोन येतो, त्याचं क्षेत्रफळ रुंदीचा वर्ग भागिले sin θ. हा sin प्रत्येक उंचीवर तोच, म्हणून बाहेर काढता येतो: 16r³/(3 sin θ). ४५ अंशाला ५३३३ चे साधारण ७५४२ घन सेंमी. पण जपून, हे दोन्ही पाइप आरपार गेलेत तेव्हाचं. नुसती ब्रांच एका बाजूनं निघाली असेल आणि तिची लांबी मेनच्या मध्यरेषेपासून मोजली असेल तर सामाईक भाग निम्माच वजा करायचा.

१० ची ब्रांच २० च्या मेनला काटकोनात असेल तर मात्र पट्ट्यांच्या रुंद्या वेगळ्या. एक 2√(100 − z²), दुसरी 2√(25 − z²). आयत येतो, आणि दोन वर्गमुळांचा गुणाकार काही केल्या सुटत नाही, त्याचं साधं सूत्र नाही. तिथं थर्माकोलचीच पद्धत, z फक्त 5 पर्यंत. एक सेंमीच्या पाच शीट वर आणि पाच खाली घेतल्या की १५३३ येतं, खरं उत्तर १५२० च्या आसपास. म्हणजे दीड लिटरपेक्षा जरा जास्त. टी असेल तर त्याचं निम्मं. दोन्ही मध्यरेषा एका उंचीवर नसल्या, एक पाइप जरा वर चढलेला असला, तरी आयतच येतात आणि हीच गत.

हिशोबनीस
दोन पाइपांवर एवढं रामायण, तिसरा पाइप उभा घातला तर काय?

अनघा_काकू
तिघांचा सामाईक भाग का? त्याच सुरीनं बघा. आपला चौरस आणि उभ्या पाइपाची r त्रिज्येची तबकडी, दोघांत सामाईक तेवढं ठेवायचं. z हा r/√2 च्या वर असेल तर चौरस आख्खा तबकडीत मावतो. त्याच्या खाली चौरसाचे कोपरे तबकडीच्या बाहेर जातात आणि गोलाईत छाटले जातात. म्हणजे दोन टप्प्यांत करावं लागतं. उत्तर 8(2 − √2)r³, सुमारे 4.69r³, चेंडूच्या थोडंसंच वर. आणि इथं पण पाय नाही, कोपरे गोलाईत छाटूनसुद्धा.

कडक_भाकरी
हे मात्र मला पटत नाही, गोल छाटलेल्या चौरसाच्या क्षेत्रफळात पाय येणारच. कुठंतरी गडबड आहे. रात्री बसून करतो आणि इथं टाकतो.

मिस्त्री_अक्कलकोटरोड
क्रॉस झाला तयार. तीन तोंडं ब्लँक मारून चौथं वर करून उभा केला आन मापानं पाणी भरलं. साडेसत्तावन्न न्हाई भरलं, सव्वाछप्पनला काठोकाठ. हिशोबनीसांच्या आकड्याच्या जवळ आलंय की.

हिशोबनीस
बघा! मी काय म्हणत होतो.

अनघा_काकू
हिशोबनीस, थोडं थांबा. मिस्त्री, पाइप आतनं खरंच २० आहे का १९.८? व्हर्नियर लावून बघा. १९.८ असेल तर सगळा हिशोब परत केला की ५६.४ लिटर येतात, नुसत्या दोन मिलिमीटरनं एक लिटर गेला. दुसरं, उभा करताना बाजूचे हात एकदम लेव्हलला होते का? एखादा हात जरा जरी टोकाकडं वर उचललेला असेल तर त्याच्या वरच्या अंगाला हवा अडकून बसते, तेवढं पाणी कमी भरतं. एकच माप घेतलंय, त्यावरून ६२८३ बरोबर की ५३३३ हे ठरत नाही.

मिस्त्री_अक्कलकोटरोड
डाया चार ठिकाणी घेतला. दोन ठिकाणी १९.८, एका ठिकाणी १९.९, एका ठिकाणी बरोबर २०. पाइपच गोल न्हाई म्याडम.